लंडन की लेस्टर? विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याचा खर्च किती दाखवायचा आणि कोणत्या कागदाने

औंढा नागनाथ, वसमत, कळमनुरी या भागातून आता परदेशी शिक्षणाची विचारणा होऊ लागली आहे. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन योजनांमुळे आपल्या समाजातील मुले-मुली लंडनपर्यंत पोहोचत आहेत. पालकांचा पहिला प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो : "वकिलातीला बँकेत किती पैसे दाखवावे लागतात?" गावात याची वेगवेगळी उत्तरे मिळतात. कोणी वीस लाख म्हणतो, कोणी शेताचे मूल्यांकन करून घ्यायला सांगतो, तर कोणी 'शिष्यवृत्ती आहे म्हणजे काहीच लागत नाही' असे सांगून मोकळा होतो. ही तिन्ही उत्तरे चुकीची ठरू शकतात. या लेखात फक्त ब्रिटनचा विचार केला आहे, कारण तिथे खर्चाचा आकडा शहरानुसार बदलतो आणि घोटाळा होतो तो तिथेच.

आकडा कोण ठरवतो?

आपण बोलताना वकिलात म्हणतो. प्रत्यक्षात अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, बोटांचे ठसे व्हीएफएस केंद्रावर द्यायचे असतात आणि निर्णय ब्रिटिश गृहखात्याचा व्हिसा विभाग घेतो. तिथला अधिकारी तुम्ही काटकसरी आहात की नाही, नातेवाइकांकडे राहणार आहात की नाही, हे पाहत नाही. नियमात दरमहाचा एक आकडा छापलेला असतो आणि तोच सर्वांना लागू होतो. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा आकडा लंडनसाठी १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. त्याआधी २०२५ मध्येच तो अनुक्रमे १,४८३ आणि १,१३६ होता. म्हणजे मागच्या वर्षी गेलेल्या मुलाचा हिशेब यंदा चालत नाही. अर्ज ज्या दिवशी करायचा, त्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या gov.uk या संकेतस्थळावर जो आकडा असेल तोच धरायचा.

हा आकडा अभ्यासक्रमाच्या महिन्यांनी गुणायचा, पण जास्तीत जास्त नऊ महिन्यांनी. एम.ए. किंवा एम.एस्सी. बारा महिन्यांची असली तरी गुणाकार नऊनेच होतो. त्यात पहिल्या वर्षाच्या फीपैकी जेवढी भरायची राहिली असेल तेवढी मिळवायची. किती फी बाकी आहे हे विद्यापीठाकडून येणाऱ्या प्रवेशनिश्चितीच्या नोंदीत, म्हणजे 'कॅस'मध्ये, लिहिलेले असते. आगाऊ फी भरली असेल तर ती कॅसमध्ये नोंदली गेली आहे का, हे अर्जाआधी पाहून घ्यावे.

शहर ठरते ते विद्यापीठाच्या नावावरून नाही, तर वर्ग कुठे भरतात त्यावरून. कव्हेंट्री विद्यापीठाचे मूळ गाव कव्हेंट्री असले तरी त्याचा लंडनमध्येही परिसर आहे. तिथे शिकणाऱ्याने कव्हेंट्रीचा स्वस्त आकडा धरला तर रक्कम कमी पडते. म्हणून कॅसमध्ये शिक्षणाचा पत्ता कोणता दिला आहे, ते आधी वाचावे.

इतर देशांची रीत वेगळी आहे, एवढे लक्षात असू द्यावे. जर्मनी शहर पाहत नाही. म्युनिक असो की लायप्झिग, वर्षाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात ठेवायचे आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो काढायचे. अमेरिकेत सरकारी आकडाच नाही, प्रत्येक विद्यापीठ आपल्या शहराचा अंदाज 'आय-२०' या कागदावर लिहून देते. त्यामुळे एका देशाचा सल्ला दुसऱ्या देशाला लावू नये.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, औंढ्याच्या एका मुलीला लंडन आणि लेस्टर या दोन्ही ठिकाणी एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळतो आहे. तिचे वडील हळद आणि सोयाबीन घेणारे शेतकरी, आई अंगणवाडी सेविका. कुटुंब बौद्ध आहे आणि मुलीकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती तिला खुली आहे. ती मिळाली असे धरू. या शिष्यवृत्तीत फी वेगळी दिली जाते आणि ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड आहे.

लंडनसाठी नियमाप्रमाणे लागणारी रक्कम १,५२९ गुणिले ९, म्हणजे १३,७६१ पौंड. त्यातून ९,९०० वजा केले की ३,८६१ पौंड उरतात. लेस्टरसाठी १,१७१ गुणिले ९, म्हणजे १०,५३९ पौंड. तिथे तूट फक्त ६३९ पौंडांची. सोयीसाठी एक पौंड १२० रुपये धरला, तर लंडनची तूट सुमारे ४ लाख ६३ हजार रुपये आणि लेस्टरची सुमारे ७७ हजार रुपये होते.

म्हणजे फी सरकार भरणार असली तरी शहर बदलल्यामुळे घरातून दाखवायची रक्कम सहापट होते. शिष्यवृत्तीचा भत्ता लंडन आणि लेस्टरला सारखाच आहे, ब्रिटिश नियमातला आकडा मात्र सारखा नाही. ही तूट प्रवेश पक्का करण्याआधी मांडली, तर कुटुंबाच्या हातात वेळ राहतो. जुलैत लक्षात आली तर धावपळीत सावकार किंवा एजंट गाठावा लागतो.

राहण्याची खोली विद्यापीठाच्याच वसतिगृहात घेऊन त्याचे पैसे आगाऊ भरले असतील तर ते वजा करता येतात, पण जास्तीत जास्त लंडनच्या एका महिन्याच्या आकड्याइतकेच. खाजगी घरमालकाला दिलेली अनामत रक्कम वजा होत नाही.

शिष्यवृत्तीच्या पत्रात काय लिहिले आहे?

वरचा हिशेब पत्रातल्या शब्दांवर अवलंबून आहे. सरकारी शिष्यवृत्ती हा ब्रिटिश नियमात मान्य आधार आहे आणि त्या रकमेला बँकेतल्या अठ्ठावीस दिवसांची अट लागत नाही. मात्र पत्रावर विद्यार्थ्याचे नाव, देणाऱ्या खात्याचे नाव आणि संपर्क, तारीख, किती काळासाठी मदत आहे तो कालावधी, आणि एकतर नेमकी रक्कम किंवा 'संपूर्ण फी आणि संपूर्ण निर्वाह खर्च आम्ही करू' असे स्पष्ट वाक्य असायला हवे. असे वाक्य असेल तर तुटीचा प्रश्न उरत नाही. पत्रात ९,९०० हा आकडा असेल तर तेवढाच धरला जातो आणि उरलेले तुम्हाला दाखवावे लागते.

इथे दोन चुका होतात. पहिली, निवड यादीत नाव आले म्हणजे काम झाले असे समजणे. संकेतस्थळावरची यादी किंवा तात्पुरते निवडपत्र म्हणजे मंजुरीचे अंतिम पत्र नव्हे. पत्रात 'कागदपत्रांच्या पडताळणीच्या अधीन' किंवा 'बंधपत्र सादर केल्यावर' असे शब्द असतील, तर आधी ती अट पूर्ण करून अंतिम पत्र घ्यावे. दुसरी चूक, राज्याच्या योजनेचा शासन निर्णय जोडून देणे. शासन निर्णयात सर्वांसाठीचे दर असतात, तुमचे नाव नसते. राजर्षी शाहू योजनेतल्या विद्यार्थ्याने पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडून स्वतःच्या नावाचे, पौंडांतली रक्कम आणि कालावधी लिहिलेले इंग्रजी पत्र मागावे. मराठी पत्र असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लागते आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचा मजकूर, तारीख, भाषांतरकाराचे नाव, सही व संपर्क हवा.

उरलेली रक्कम कोणाच्या खात्यात?

तुटीचे ३,८६१ पौंड दाखवायचे तर ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात असले पाहिजेत. न्यायालयाने नेमलेला कायदेशीर पालक असेल तर त्याचेही चालते. काका, मामा, मोठा भाऊ, मेहुणा यांचे खाते चालत नाही. आपल्याकडे शिक्षणाला चुलत्याने हातभार लावणे ही जुनी रीत आहे आणि त्याला कोणी अडवत नाही. फक्त चुलत्याने ते पैसे आधी मुलीच्या किंवा तिच्या आई-वडिलांच्या खात्यात टाकायचे आणि मग दिवस मोजायला सुरुवात करायची.

पैसे रोख स्वरूपातच हवेत. बचत खाते चालते, आणि मुदत ठेव हवी तेव्हा मोडता येत असेल तर तीही चालते. शेतजमीन, प्लॉट, सोने, शेअर, भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीच मोजले जात नाही. सीएकडून मालमत्तेचे प्रमाणपत्र किंवा जमिनीचे मूल्यांकन करून घेण्यावर हजारो रुपये खर्च करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी त्या कागदाचा काही उपयोग होत नाही.

आपल्या तालुक्यात आणखी एक अडचण आहे, ती पतसंस्थेची. व्याज बरे मिळते आणि माणसे ओळखीची असतात म्हणून हळदीचे पैसे अनेकदा पतसंस्थेत ठेवले जातात. ब्रिटिश नियम मात्र असे सांगतो की, बँक त्या देशातल्या अधिकृत नियामकाच्या देखरेखीखाली असावी, तिच्या नोंदी संगणकावर असाव्यात आणि अधिकाऱ्याला त्या तपासता याव्यात. भारतात बँकांचा नियामक रिझर्व्ह बँक आहे. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते, तिला बँकेचा परवाना नसतो. म्हणून तिथली ठेव वेळेत मोडून राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या व्यापारी बँकेच्या खात्यात आणावी. ठेव मोडायला वेळ लागू शकतो, हे धरून किमान तीन महिने आधी हालचाल करावी.

अठ्ठावीस दिवस म्हणजे नेमके किती?

रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यात राहिली पाहिजे आणि त्या काळात एकही दिवस शिल्लक गरजेच्या आकड्याखाली जाता कामा नये. सरासरी पाहत नाहीत. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे बँकेच्या उताऱ्यातली शेवटची तारीख, आणि ती तारीख व्हिसाची फी भरण्याच्या दिवसापासून मागे ३१ दिवसांच्या आत असावी लागते.

आपल्या उदाहरणातल्या वडिलांनी ५ जून रोजी ४ लाख ७० हजार रुपये खात्यात भरले असे धरू. २ जुलैला अठ्ठावीस दिवस होतात. पण जून म्हणजे पेरणीचा महिना. २४ जूनला बियाणे आणि खतासाठी त्यांनी चाळीस हजार काढले आणि २८ जूनला परत भरले. घरच्या हिशेबात पैसे होते तेवढेच आहेत. व्हिसाच्या हिशेबात मात्र २४ जूनला शिल्लक ४ लाख ३० हजारांवर आली, म्हणजे गरजेच्या ४ लाख ६३ हजारांच्या खाली गेली. म्हणून मोजणी २८ जूनपासून पुन्हा सुरू होते आणि २५ जुलैला संपते. चार दिवसांच्या उसनवारीने तीन आठवडे गेले. यावर सोपा उपाय म्हणजे हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड कपाटात ठेवावे. पीक विम्याचा हप्ता, कर्जाची कपात किंवा बँकेचे शुल्क आपोआप जाणार नाही, हेही पाहावे.

दुसरा धोका विनिमय दराचा. रुपयांतली शिल्लक पौंडात बदलताना अधिकारी ओअँडा या संकेतस्थळावरचा, अर्जाच्या दिवशीचा दर लावतात. बँकेने तुम्हाला सांगितलेला दर लावत नाहीत. वरच्या उदाहरणात पौंड १२० वरून १२३ झाला तर ३,८६१ पौंडांसाठी सुमारे ४ लाख ७५ हजार लागतात आणि ४ लाख ७० हजार कमी पडतात. त्यामुळे गरजेपेक्षा निदान आठ-दहा टक्के जास्त ठेवावे. या उदाहरणात पाच लाख दहा हजार ठेवले तर घोर राहत नाही. दिवसांचेही तसेच, अठ्ठाविसाऐवजी बत्तीस-पस्तीस दिवस होऊ द्यावेत.

उतारा बँकेच्या शाखेतून इंग्रजीत, शिक्क्यासह घ्यावा. त्यावर खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, बँकेचे नाव, तारखा आणि रोजच्या व्यवहारांनंतरची शिल्लक दिसली पाहिजे. पासबुकाच्या झेरॉक्सवर विसंबू नये, कारण अस्पष्ट छपाईत एखादी ओळ वाचता आली नाही तरी शंका निर्माण होते.

'अठ्ठावीस दिवसांपुरते पैसे टाकून देतो, टक्केवारी द्या' असे सांगणारे एजंट हिंगोली-नांदेडपर्यंत पोहोचले आहेत. अशा पैशांबद्दल मुलाखतीत विचारले तर मुलीला उत्तर देता येत नाही. कागद खोटा आहे किंवा माहिती दडवली आहे असे ठरले तर नुसता नकार येऊन थांबत नाही, दहा वर्षांपर्यंत अर्ज फेटाळले जाऊ शकतात. काका-मामांकडून घेतलेले पैसे असतील तर त्याबद्दल सरळ सांगता येते, ही त्यातली जमेची बाजू.

नात्याचा पुरावा

आई-वडिलांचे खाते वापरायचे तर दोन कागद लागतात. एक, जन्म दाखला, ज्यावर आई-वडिलांची नावे आहेत. दोन, पालकांचे सहीचे पत्र, ज्यात नाते आणि 'हे पैसे तिच्या शिक्षणासाठी वापरायला आमची संमती आहे' असे लिहिलेले असते. आपल्याकडे जन्मतारखेसाठी सगळीकडे शाळा सोडल्याचा दाखला चालतो, पण नात्याच्या पुराव्यासाठी इथे तो चालत नाही. जन्माची नोंद ज्या ग्रामपंचायतीत, नगरपंचायतीत किंवा रुग्णालयाच्या गावी झाली, तिथून दाखला काढावा. मराठी असेल तर भाषांतर करून घ्यावे.

खरी अडचण नावांची असते. जन्म दाखल्यावर आईचे सासरचे नाव आणि बँकेत माहेरचे नाव, असे कितीतरी घरांत आहे. लग्नात नाव बदलण्याची चाल अलीकडे कमी झाली तरी आजच्या विद्यार्थ्यांच्या आयांच्या पिढीत ती होती. वडिलांच्या नावात कुठे 'राव' लागलेले असते, कुठे नसते. अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटू शकतात. दोघांपैकी ज्याचे नाव जन्म दाखला, आधार, पॅन आणि बँक या चारही ठिकाणी सारखे आहे, त्याच्या खात्यात पैसे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. तसे कोणीच नसेल तर पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यात ठेवावेत. मग नाते सिद्ध करण्याची गरजच पडत नाही.

बचत नसेल तर शैक्षणिक कर्ज

ही तूट शैक्षणिक कर्जानेही भरता येते. कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर, नियामक असलेल्या बँकेचे आणि शिक्षणासाठीचेच हवे. शेतीकर्ज, सोनेतारण किंवा वडिलांच्या नावावरचे वैयक्तिक कर्ज दाखवता येत नाही. बँकेचे पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे. त्यात विद्यार्थ्याचे नाव, रक्कम, आणि प्रवासाआधी पैसे मिळतील किंवा थेट विद्यापीठाला जातील, हे लिहिलेले असावे. व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी अट त्यात नसावी. अनेक बँका 'तारणाची पूर्तता झाल्यावर' असे लिहितात, त्या एका ओळीमुळे पत्र निकामी होते. अशा वेळी तारणाचे काम आधी पूर्ण करून नवे पत्र घ्यावे. कर्जाच्या रकमेला अठ्ठावीस दिवसांची अट नाही, म्हणून उशिरा जागे झालेल्या कुटुंबाला हा मार्ग उपयोगी पडतो.

दाखवायचा खर्च आणि होणारा खर्च

व्हिसाची फी, आरोग्य अधिभार आणि विमानाचे तिकीट या हिशेबात धरलेले नाहीत. विद्यार्थ्यांसाठीचा आरोग्य अधिभारच वर्षाला ७७६ पौंड आहे आणि व्हिसा वर्षापेक्षा काही महिने जास्त मिळत असल्याने तो दीडपट भरावा लागतो. तो अर्ज करतानाच कापला जातो. अठ्ठावीस दिवस सांभाळलेल्या खात्यातून तो भरला आणि उतारा नंतर काढला, तर शिल्लक कमी दिसते. म्हणून उतारा आधी काढावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ९,९०० पौंड बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ८२५ पौंड येतात. ब्रिटिश सरकारच्या अंदाजाने लंडनला १,५२९ लागतात. व्हिसासाठी नऊच महिने मोजले असले तरी मुलीला बारा महिने राहायचे आहे. त्यामुळे खात्यात दाखवलेले ३,८६१ पौंड व्हिसा मिळताच परत काढून घ्यायचे नसतात, तेच तिथे लागतात. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता तिथे पोहोचल्यावर लगेच हातात पडेल असे धरू नये. पहिल्या दोन महिन्यांचे भाडे आणि जेवण घरच्या पैशांतून जाईल असाच हिशेब ठेवावा. सत्र चालू असताना पदवी पातळीच्या आणि पुढच्या विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, पण त्या कमाईचा अंदाज व्हिसाच्या अर्जात धरला जात नाही.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज घेऊन. शिष्यवृत्ती किती महिने पुरेल आणि पुढचे कुठून येईल, हा प्रश्न तेव्हाही होता.

जानेवारीत प्रवेशाचा अर्ज करतानाच कागदावर चार ओळी लिहाव्यात : शहराचा आजचा आकडा गुणिले नऊ, त्यातून पत्रात लिहिलेला भत्ता वजा, उरलेली रक्कम अधिक दहा टक्के, आणि ती कोणाच्या नावावर, कोणत्या बँकेत ठेवायची. पेरणीच्या आधी ही रक्कम वेगळ्या खात्यात गेली, तर जुलैत उतारा काढून अर्ज करणे एवढेच काम उरते.